आधी कारण, मग नियम: सातवीच्या मुलांनी लिहिलेली वर्गाची आचारसंहिता

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. पट ३६. यंदा वर्गाचे नियम मुलांकडूनच लिहून घेतले, छान तक्ता केला, सगळ्यांनी सह्याही केल्या. पंधरा दिवसांत त्याच्याकडे कोणी बघेना. मग प्रत्येक नियमापुढे कारण लिहा म्हटलं, तर निम्म्याहून जास्त ठिकाणी ‘शिस्त लागावी म्हणून’ असंच आलं. माझं नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर: मुलांनी टाळाटाळ केली असं मला वाटत नाही. नियम लिहून झाल्यावर कारण मागितलं की कोणत्याही वर्गातून हेच येतं. ‘शांतता राखा’, ‘वर्ग स्वच्छ ठेवा’, ‘मोठ्यांचा आदर करा’ ही वाक्यं मुलांनी पहिलीपासून भिंतींवर वाचलेली असतात. तुम्ही नियम लिहा म्हटलंत, त्यांनी आठवले ते उतरवले. आठवून लिहिलेल्या नियमामागे त्यांच्यापाशी कारणच नसतं, मग ते शिस्तीचं नाव घेऊन मोकळे होतात. मीही सुरुवातीची काही वर्षं असेच तक्ते लावले आणि ते असेच भिंतीवर पिवळे पडले. क्रम उलटा केल्यावर फरक पडला. आधी काय घडलं ते, मग त्याने कोणाचं काय बिघडलं ते, आणि नियम सगळ्यात शेवटी.

शाळा सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे मी नियम हा शब्दच काढत नाही. खिडकीत बुटांचा रिकामा खोका ठेवते, झाकणाला फट पाडलेली. शेजारी पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. फळ्याच्या कोपऱ्यात एकच प्रश्न दोन आठवडे तसाच राहतो: ‘आज वर्गात तुझं काम कशामुळे अडलं?’ चिठ्ठीत नाव घालायचं नाही, स्वतःचं नाही आणि दुसऱ्याचंही नाही. घडलं तेवढं लिहायचं. ‘एक मुलगा खूप त्रास देतो’ एवढ्यावर भागत नाही. ‘माझी कंपासपेटी न विचारता घेतली आणि परत आली तेव्हा त्यात करकटक नव्हतं’ हे चालतं. हा फरक पहिल्या दोन दिवसांत तीन-चार चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखवला की मुलांना कळतो.

एका वर्षी माझ्या ३४ मुलांच्या वर्गात दोन आठवड्यांत ७१ चिठ्ठ्या जमल्या. त्या आम्ही सतरंजीवर पसरल्या आणि गटागटाने ढीग लावले. मोठा ढीग अर्थातच बोलण्याचा आणि वस्तू घेण्याचा होता. पण आठ चिठ्ठ्यांवर जवळजवळ सारखंच वाक्य होतं: ‘माझं लिहून व्हायच्या आत फळा पुसतात.’ फळा मीच पुसत होते. दोन चिठ्ठ्या मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटल्याच्या होत्या. एक चिठ्ठी अशी होती की तिला नियमाने हात लावता येत नव्हता. घरी रात्री झोप होत नाही, म्हणून पहिल्या तासाला डोळे मिटतात, असं त्यात होतं.

ढीग लावण्याचं खरं काम इथे होतं. काही अडचणी मुलांच्या वागण्याच्या असतात, त्यांचे नियम होतात. काही माझ्या वागण्याच्या असतात, त्यांचा नियम माझ्यासाठी होतो आणि तो त्याच तक्त्यावर त्याच अक्षरात जातो. काही दुरुस्तीच्या असतात. तुटलेल्या कडीवर ‘दार ओढून धरा’ असा नियम करणं चूक आहे. ती गोष्ट मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे जाते, आणि पुढे काय झालं ते वर्गाला सांगावं लागतं. एखाद्या मुलाच्या घरची गोष्ट मात्र ढिगात ठेवायचीच नाही. म्हणून पसरण्याआधी सगळ्या चिठ्ठ्या मी एकटी वाचते आणि तशी चिठ्ठी बाजूला काढते. अक्षर ओळखू येतंच, मग त्या मुलाशी वेगळं बोलता येतं.

आता कारणाकडे येऊ, तुमचा प्रश्न तिथेच अडला आहे.

प्रत्येक ढिगाला मी एकच प्रश्न विचारायला लावते: ‘हे झालं की कोणाचं काय बिघडतं?’ उत्तरात माणूस दिसला पाहिजे आणि बिघडलेली गोष्ट दिसली पाहिजे. कारण लिहून झालं की आम्ही झाकून पाहतो. गटाने आपला नियम हाताने झाकायचा, फक्त कारण वाचायचं, आणि बाकीच्या वर्गाने नियम काय असेल ते ओळखायचं. ‘शिस्त लागावी म्हणून’ वाचलं की वर्गातून दहा वेगवेगळे नियम येतात. रांगेत चाला, नखं कापा, वेळेवर या. गटाला तिथल्या तिथे कळतं की आपलं कारण कशालाही लागतं, म्हणजे आपल्या नियमाचं ते नव्हेच. ‘हसलं की ती पुढच्या वेळी हात वर करत नाही’ हे वाचलं की पहिल्याच फटक्यात नियम ओळखला जातो. ही परीक्षा मुलांना खेळासारखी आवडते आणि मला कोणाचं कारण नाकारावं लागत नाही. त्याच बैठकीत मुलं स्वतःहून तीन शब्द बाद करतात: शिस्त, चांगली सवय आणि ‘बाई रागावतात’. तिसरा शब्द कारणात दिसला तर तो नियम मुलांचा नाही, माझ्या भीतीचा आहे, असं मी समजते आणि तो बाजूला ठेवायला सांगते.

एक नियम तपशिलात सांगते, म्हणजे कारण काय काम करतं ते दिसेल.

त्याच वर्षी एका गटाने लिहिलं होतं: ‘उशिरा येणाऱ्याने पहिला तास दाराबाहेर उभं राहायचं. कारण वेळेची किंमत कळावी.’ मतदान घेतलं असतं तर नियम सहज मंजूर झाला असता. गटातली सगळी मुलं गावातली, शाळेपासून पाच मिनिटांवर राहणारी. झाकून पाहिलं तेव्हा वर्गाने ‘गृहपाठ वेळेवर करा’ असं ओळखलं, म्हणून कारण परत गेलं. मी विचारलं, उशिरा कोणी आलं की तुमचं काय बिघडतं? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, ‘पहिल्या तासाला आम्ही उभं राहून वाचतो ना बाई, तेव्हा दार वाजलं की सगळे मागे बघतात आणि मला परत पहिल्या ओळीपासून वाचावं लागतं.’ हे खरं कारण होतं. यात वेळेची किंमत कुठेच नव्हती. वाचन तुटतं, एवढीच अडचण होती.

पुढचा प्रश्न मी ठरवूनच विचारला: उशीर कोणाला होतो? हजेरीपट उघडला. जवळजवळ सगळे उशीर ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या पाच मुलांचे निघाले, आणि तेही पावसाच्या दिवशी. ओढ्याला पाणी आलं की त्यांना पुलाकडून वळसा घालून यावं लागतं. या पाचपैकी एकही जण त्या गटात नव्हता. अर्ध्या तासाने नियम असा झाला: ‘उशीर झाला तर मागच्या दाराने यायचं आणि दाराजवळच्या रिकाम्या जागी बसायचं, आपल्या जागेवर वाचन संपल्यावर जायचं. कारण दार वाजलं की वाचणाऱ्याला पुन्हा सुरुवात करावी लागते.’ दाराजवळची जागा रोज रिकामी ठेवायचं काम वर्गप्रमुखाकडे गेलं. शिक्षा गेली आणि वाचन तुटायचंही थांबलं. शिक्षा राहिली असती तर पावसात भिजून आलेलं पोर तासभर बाहेर उभं राहिलं असतं. वाचन तरीही तुटलंच असतं, कारण दार तर वाजणारच होतं.

तुमच्या खोलीला एकच दार असेल तर हा नियम तुम्हाला चालणार नाही, हे उघड आहे. म्हणून दुसऱ्या शाळेचे नियम उतरवून घेऊ नका, माझेही नाही.

कारणाचा दुसरा उपयोग पुढे दोन-तीन महिन्यांनी कळतो, नियम मोडला की नाही याबद्दल वाद होतो तेव्हा. आमच्याकडे नियम होता: ‘उत्तर चुकलं तर हसायचं नाही. कारण हसलं की ती पुढच्या वेळी हात वर करत नाही.’ एकदा विज्ञानाच्या तासाला एका मुलाने बाष्पीभवनाऐवजी ‘भाजीपवन’ म्हटलं. सगळा वर्ग हसला, तोही हसला, मलाही हसू आलं. एक मुलगी उभी राहिली आणि तक्त्याकडे बोट करून म्हणाली, ‘नियम मोडला.’ बाकीचे म्हणाले, तो स्वतः हसतोय, मग कसला मोडला? कोणीतरी कारण वाचायला सांगितलं. म्हणजे प्रश्न एवढाच उरला, की तो पुढच्या वेळी हात वर करेल का? त्याला विचारलं, तो म्हणाला, करेन की. मग नियमात ‘चुकणारा स्वतः हसत असेल तर चालेल’ असं जोडायचं ठरत आलं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा म्हणाला, ‘मी पण हसतो बाई. रडू येऊ नये म्हणून.’ कोणी काही बोललं नाही. नियम होता तसाच ठेवला, जोडायचं ते जोडलं नाही, आणि मी त्या दिवशी वर्गासमोर माझ्या हसण्याबद्दल माफी मागितली.

कारण लिहिलेलं नसतं तर हा वाद ‘मोडला’, ‘नाही मोडला’ एवढ्यावर संपला असता आणि निकाल मला द्यावा लागला असता. कारण होतं म्हणून मुलांना तपासायला काहीतरी हातात होतं. तुमच्या तक्त्याकडे कोणी बघत नाही याचंही मूळ इथेच आहे, असं मला वाटतं. त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

आता जिथे मुलांवर सोडून भागत नाही तिथलं. नियम मुलांनी करायचे म्हणजे सगळंच मतदानावर टाकायचं असा अर्थ घेऊ नका. मी सुरुवातीलाच तीन गोष्टी फळ्यावर लिहिते आणि यावर चर्चा होईल, पण मत घेतलं जाणार नाही, असं सांगते. अंगाला किंवा मनाला लागेल अशी शिक्षा नाही, पैशाचा दंड नाही, आणि जात, भाषा, मुलगा-मुलगी यावरून कोणाला वेगळा नियम नाही. पहिल्या गोष्टीबद्दल मुलांना सरळ सांगते, की शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. ती बंदी मला लागू आहे आणि वर्गाने मिळून केलं तरी ते बरोबर ठरत नाही.

हे आधी न सांगितलं तर काय होतं ते तुम्हाला लगेच दिसेल. मुलांना मोकळं सोडलं की ती मोठ्यांपेक्षा कडक शिक्षा लिहितात. उठाबशा, दहा रुपये दंड, दिवसभर कोणी बोलायचं नाही. घाबरून जाऊ नका. जीन पियाजे यांनी स्वित्झर्लंडमधल्या मुलांबरोबर गोट्या खेळत त्यांना खेळाच्या नियमांबद्दल आणि शिक्षेबद्दल प्रश्न विचारले होते. १९३२ साली त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. लहान मुलांना नियम हे मोठ्यांनी दिलेले, न बदलणारे वाटतात आणि शिक्षा जितकी कडक तितकी न्याय्य वाटते. वय वाढतं तसं नियम म्हणजे आपसातलं ठरवणं हे कळू लागतं आणि बिघडलेलं भरून देणं त्यांना जास्त बरोबर वाटू लागतं, असं त्यांना दिसलं. सहावी-सातवीची मुलं या वाटेवर असतात. म्हणून आमच्या तक्त्यावर शिक्षेचा रकाना नाही. नियम, कारण, आणि तिसरा रकाना ‘मग काय करायचं’. तिसऱ्या रकान्यात कारणात जे बिघडलं ते दुरुस्त करायचं. वाचन तुटलं तर वाचणाऱ्याला पुन्हा पूर्ण वाचू द्यायचं. करकटक हरवलं तर सापडेपर्यंत आपलं द्यायचं. कारण नीट असेल तर हा रकाना आपोआप भरतो, आणि भरत नसेल तर समजावं की कारणातच माणूस आलेला नाही.

मी वर झाकून पाहण्याची परीक्षा सांगितली, पण तिच्यातून सगळं सुटतं असं नाही. एका वर्षी ‘वर्गात फक्त मराठीतच बोलायचं. कारण न कळणाऱ्या भाषेत बोललं की बाकीच्यांना वाटतं आपल्याबद्दलच बोलतायत’ असा नियम आला. कारण अगदी नेमकं होतं, झाकल्यावर लगेच ओळखलं गेलं. पण वर्गात तांड्यावरची चार मुलं होती, घरी गोरमाटी बोलणारी. एकमेकांना गणित समजावताना ती त्याच भाषेत बोलत. मत घेतलं असतं तर ३० विरुद्ध ४ असा निकाल लागला असता. तेव्हापासून मी दुसरा प्रश्न जोडला: ‘हा नियम पाळायला कोणाला सगळ्यात जड जाईल, आणि तो हे लिहिताना इथे होता का?’ त्या चौघांना विचारलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, गणित मराठीत समजावलं तर माझ्या बहिणीला कळत नाही. शेवटी राहिलं ते असं: ‘ज्याला सांगायचं आहे त्याला कळेल त्या भाषेत बोलायचं. शेजारच्याने काय बोललात विचारलं तर सांगायचं.’ मराठीचा आग्रह धरणारी मुलं यावर खूश होती, कारण त्यांची खरी अडचण दुसऱ्या वाक्यात सुटली होती.

इथे अजून एक गोष्ट. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. काही मुलं वर्ष अर्धं झाल्यावर नव्याने दाखल होतात. जूनमधल्या तक्त्यावर त्यांची सही नसते. आलेल्या मुलाला तक्ता वाचून दाखवायचा नाही, त्याने पहिल्या आठवड्यात खोक्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि त्या पुढच्या बैठकीत घ्यायच्या, असं आम्ही करतो. नवीन आलेल्याला जे खटकतं ते आपल्याला सवयीने दिसेनासं झालेलं असतं.

बैठक दर दुसऱ्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, २० मिनिटं. त्यापेक्षा लांबली की तक्रारींचा दरबार होतो. तीनच गोष्टी होतात. गेल्या पंधरवड्यात कोणता नियम कामाला आला, कोणता कोणाला जड गेला, आणि कोणत्याचं कारण आता उरलं नाही. महिनाभरात ज्याचं नाव निघालं नाही तो नियम खोडायचा. स्वच्छतागृहाची कडी बसली तशी त्याबद्दलची चर्चा संपली. पंख्याखालच्या जागेसाठी पाळी लावण्याचा नियम थंडी आल्यावर खोडला. जूनमध्ये आमचे ११ नियम होते, जानेवारीत ६ उरले. नियम खोडताना मुलांना मोठा आनंद होतो. खोडलेल्या नियमावर आडवी रेघ मारून तारीख घालते, पुसत नाही, म्हणजे काय होतं आणि का गेलं ते वाचता येतं.

गाडी रुळावरून घसरते आहे हे मी तीन खुणांनी ओळखते. तक्त्याचा वापर फक्त एकमेकांची चहाडी करायला होऊ लागला, बैठकीत दर वेळी त्याच दोघा-तिघांची नावं निघू लागली, किंवा माझ्यासाठीचा नियम मोडला तेव्हा कोणी टोकलं नाही. तिसरी खूण सगळ्यात वाईट. मुलं मला टोकत नाहीत याचा अर्थ तक्ता अजून माझाच आहे. दुसरी खूण दिसली तर मी त्या मुलांचे नियम बैठकीतून काढून घेते आणि त्यांच्याशी बाजूला बसून बोलते. ३० मुलांसमोर एकाच पोराची पुन्हा पुन्हा चर्चा होणं ही शिक्षाच आहे, आणि तिला आपण नाही म्हटलं आहे.

भाषेबद्दल एक विनंती. मुलांची वाक्यं प्रमाण भाषेत नेऊ नका. शुद्धलेखन त्या मुलाबरोबर बसून दुरुस्त करा, शब्द त्याचेच ठेवा. ‘कृपया इतरांच्या साहित्याचा वापर करण्यापूर्वी परवानगी घ्यावी’ असं तक्त्यावर दिसलं की मुलांना ते तुमचं वाटतं. ‘इचारल्याबिगर कंपासपेटी उघडायची नाय’ हे ज्याने लिहिलं त्याला ते जन्मभर लक्षात राहतं. पाहुणे आले की काय म्हणतील याची काळजी मलाही वाटायची. एकदा केंद्रप्रमुखांनी विचारलंच, तेव्हा ज्याने लिहिलं होतं त्यालाच उत्तर द्यायला उभं केलं. त्याने कारण सांगितलं, न बघता.

तुमचा आत्ताचा तक्ता फाडू नका, मुलांनी सह्या केल्या आहेत. शनिवारी खाली उतरवा, सतरंजीवर ठेवा आणि प्रत्येक नियमावर एकच विचारा: हा न पाळल्यामुळे जूनपासून कोणाचं काही बिघडलं का? ज्याच्यावर घडलेली गोष्ट निघेल तो ठेवा आणि तीच गोष्ट कारणाच्या जागी लिहा. बाकीच्यांवर रेघ मारा. बहुधा तीन-चारच उरतील. खोका सोमवारपासून खिडकीत ठेवा. पहिल्या आठवड्यात चिठ्ठ्या कमी आल्या तर तुमच्याबद्दलची एक चिठ्ठी आधी मोठ्याने वाचा आणि तिचा नियम तक्त्यावर स्वतःच्या हाताने लिहा. माझ्या वर्गात तो फळ्याचा होता: ‘पुसण्याआधी बाईंनी विचारायचं. कारण खालच्या ओळी मागच्यांना शेवटी दिसतात.’ मागच्या बाकांना खालच्या ओळी पुढच्यांच्या डोक्यांमुळे दिसत नाहीत, हे मला त्या आठ चिठ्ठ्यांमधून पहिल्यांदा कळलं.